अठ्ठेचाळीस पोळ्या

डोंबिवली पूर्वेला संध्याकाळी सातच्या पुढे स्टेशनाबाहेरच्या पोळीभाजी केंद्रांसमोर जी रांग लागते, तिच्यातल्या बायकांच्या पिशव्यांत डोकावून पाहावं. भाजी फार कमी जणी घेतात. आमटी तर जवळजवळ कुणीच घेत नाही. दहा पोळ्या, आठ पोळ्या, एवढंच मागतात आणि निघतात. डाळ कुकरला लावली की आपली आपण शिजते, भाजी सकाळीच चिरून ठेवलेली असते. पण ठाण्यापर्यंत उभ्याने आणि पुढे लोंबकळत आलेल्या बाईला कणीक भिजवून, लाटून, भाजून ओट्यापाशी आणखी पाऊण तास उभं राहणं नको असतं.

सुनंदा रोज भाजी आणायला या रांगेवरूनच जायची. तिला ती रांग दिसली नाही असं नाही, पण त्या रांगेत आपल्यासाठी काही आहे हे तिला कळायला एक महिना आणि एक म्हातारी लागली.

तिची गरज साधी होती. नवरा विलास एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात लेथवर होता आणि त्याचा ओव्हरटाइम बंद झाला होता. मुलगी साडेपाच ते साडेसात क्लासला जायची, त्याच वेळात सासूबाई खालच्या मजल्यावर भजनाला बसायच्या, विलास आठला यायचा. म्हणजे संध्याकाळचे दोन तास ओटा तिचा एकटीचा. हाताला चव होती, भिशीतून उरलेले पाचशे रुपये होते. बाकी काही नव्हतं.

तिने केलं तेच, जे बहुतेक जणी करतात. बिल्डिंगच्या ग्रुपवर लिहिलं, ‘घरगुती डबा मिळेल, पोळी, भाजी, वरण, भात, कोशिंबीर, ८० रुपये.’ पाच डबे मिळाले. लोकांनी वाहवा केली. पहिल्या आठवड्यात तिच्या हातात रोज नोटा येत होत्या आणि तरी शनिवारी वाण्याकडे जायला पैसे नव्हते. महिनाअखेर तिने विलासकडून तीनशे रुपये मागून घेतले, तेव्हा तो काही बोलला नाही. ते न बोलणं तिला जास्त लागलं.

समोरच्या खोलीत हौसामावशी राहायच्या. सत्तरी ओलांडलेली बाई, मुलगा-सुनेकडे लालबागहून डोंबिवलीला आलेली. सुनंदा रडवेली होऊन वही घेऊन त्यांच्याकडे गेली. वहीत रोजची जमा लिहिलेली होती.

मावशींनी वही पाहिलीच नाही. “ओट्याशी कितीला उभी राहतेस?”

“साडेपाचला.”

“खोटं बोलू नकोस. भाजी आणायला कितीला बाहेर पडतेस ते सांग.”

सुनंदाने आठवलं. बाजार चारला. निवडणं, चिरणं. साडेपाचला कुकर. डबे भरून पोचवून यायला सव्वाआठ. म्हणजे सव्वाचार तास.

“आता कालचं सांग. किती डबे केलेस, किती गेले?”

पाच केले होते. चार गेले, पाचव्याने सात वाजता कळवलं की आज बाहेर जेवतोय. सामान दोनशे तीस रुपयांचं लागलं होतं, चार डब्यांचे तीनशे वीस यायचे, त्यातले दोन डबेवाले महिन्याने देणारे. मावशींनी बोटांवर हिशेब केला. नव्वद रुपये सुटले, तेही सगळे हातात नाहीत. सव्वाचार तासांना वाटले तर तासाला एकवीस रुपये.

“यापेक्षा धुण्याभांड्याची दोन कामं धरलीस तर जास्त सुटतील,” मावशी म्हणाल्या. सुनंदाला राग आला. पण आकडा तिच्याच तोंडचा होता.

मावशींना हे कळत होतं, कारण त्या स्वतः खानावळवाली होत्या. गिरणगावात गावाकडून एकटे आलेले गिरणी कामगार बायकांच्या खोल्यांवर महिन्याच्या बोलीने जेवायचे. पगार झाला की पैसे, तोवर बाईने वाण्याकडून उधारीवर माल आणायचा. वाणी व्याज लावायचा, गळ्यातलं गहाण पडायचं. याच बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मावशींच्या गल्लीतल्या दोघी त्यात गेल्या. मावशी गेल्या नव्हत्या. त्यांचा वाणी गावचाच होता, भला होता, त्याच्याकडे चाळीस दिवसांची उधारी सहज चालायची.

“आणि मग १८ जानेवारी १९८२,” मावशी म्हणाल्या. ही तारीख त्या एखाद्याच्या पुण्यतिथीसारखी सांगत. “दत्ता सामंतांचा संप. माझ्याकडं बावीस जण जेवायला. पहिला महिना सगळे थांबले, आज मिटंल, उद्या मिटंल. दुसऱ्या महिन्यात एकेक जण गावाला निघाला. पाया पडून गेले गं पोरं, मावशी संप मिटला की देतो म्हणून. लबाड नव्हती. पण वाण्याला मी काय त्यांचा नमस्कार देऊ? तीन वर्षं लोकांची भांडी घासून फेडलं.”

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि एकदम व्यवहारावर आल्या. “तुझ्याकडं विकायला काय आहे? भाजी नाही, डाळ नाही. दोन तास आहेत. त्या दोन तासांत न मावणारी वस्तू करायची नाही. आणि पैसे आधी.”

इथे मला एक म्हणावंसं वाटतं. दोन तासांत करण्यासारखं दुसरं काही नव्हतं असं नाही. वडे-भजी होती, पण कढईभर तेल आणि उरलेला माल हे पाचशे रुपयांच्या बाहेरचं काम. केकला ओव्हन लागतो आणि रोज कुणी केक खात नाही. पापड-लोणची टिकतात, पण ती दिवसा उन्हात करायची. पोळीचं वेगळेपण असं की माल एकच, तो पोत्यात आठवडाभर पडला तरी बिघडत नाही, आणि गिऱ्हाइकाला ती रोज लागते.

मावशींनी दुसऱ्या दिवशी घड्याळ लावून बसवलं. दीड किलो कणीक, साधारण लिटरभर पाणी, मीठ, थोडं तेल. भिजवायला पंधरा मिनिटं. मग ओला पंचा घालून पंचवीस मिनिटं ती मुरू द्यायची, तेवढ्यात ओटा पुसायचा, पिठी आणि तेलाची वाटी काढायची, डब्यांवर नावं पाहायची. सव्वासहाला तवा तापला पाहिजे. एक पोळी तव्यावर असताना दुसरी लाटायची, घडीला तेल लावायचं, पिठी भुरभुरायची. सरावाच्या हाताला एका पोळीला ऐंशी सेकंद लागतात. सुनंदाच्या अठ्ठेचाळीस पोळ्या सात वाजून वीस मिनिटांना झाल्या. उरलेली दहा मिनिटं डबे भरायला. किलोला बत्तीस पोळ्या बसत होत्या, म्हणजे दीड किलोच्या अठ्ठेचाळीस. तिच्या दोन तासांची तीच हद्द.

“उद्यापासून विकू?” तिने विचारलं.

“दोन बाजूला ठेव. दहा वाजता खा.”

दहा वाजता ती पोळी वातड झाली होती. तुटत नव्हती, ताणली जात होती. गरम असताना तीच पोळी विलासने कौतुकाने खाल्ली होती. विकायच्या पोळीची परीक्षा तव्यावर होत नाही. गिऱ्हाईक घरी जाऊन हातपाय धुणार, मुलांचा अभ्यास घेणार आणि नऊ-साडेनऊला डबा उघडणार. त्या वेळची पोळी म्हणजे आपला माल.

मग कारणं शोधणं सुरू झालं, आणि ती तीन निघाली. कणीक घट्ट होती. लाटायला सोपी जावी म्हणून सुनंदा पाणी कमी घालायची, घरी लगेच खाल्ली तर ते चालून जातं. तिने पाणी वाढवलं, कणीक बोट दाबलं की खळगा राहील इतकी सैल केली. दुसरं, आच मंद होती. जळू नये म्हणून ती गॅस बारीक ठेवायची, त्यामुळे पोळी तव्यावर जास्त वेळ राहायची आणि वाळायची. तवा कितपत तापलाय ते पाहायला मावशी चिमूटभर पिठी टाकत. ती हळूहळू तांबूस झाली तर ठीक, टाकताच काळी पडली तर आच कमी करायची, आणि तशीच पांढरी राहिली तर अजून थांबायचं. तिसरं कारण डब्याचं. गरम पोळ्या रचून झाकण लावलं की वाफेचं पाणी होतं, खालच्या दोन पोळ्या ओल्या आणि वरच्या चिवट होतात. तव्यावरून उतरलेली पोळी आधी सुपात सुती कापडावर, दोन-तीन मिनिटांनी दुसरीवर, आणि डब्यात तळाला कापड घालूनच भरायची. गहू लोकवन आणला, गिरणीतून बारीक दळून घेतला, आणि दळण गरम असताना डब्यात कोंबायचं नाही हेही ठरलं. सहाव्या दिवशी दहा वाजताची पोळी दोन बोटांनी तुटली आणि आतले पदर सुटे दिसले.

आता गिऱ्हाईक. सुनंदा ग्रुपवर लिहायला निघाली तर मावशींनी फोन ठेवायला लावला. ग्रुपवर लिहिलं की वीस जण हो म्हणतात, आणि मग कुणाला नाही म्हणायचं? त्या दोघी संध्याकाळी साडेसातला जिन्यात बसल्या. कामावरून येणाऱ्या बायका वर जाताना कुणाच्या हातात केंद्राची पिशवी आहे ते पाहिलं. आठवड्याभरात आठ घरं पक्की झाली. घरटी सहा पोळ्या, पोळीला आठ रुपये, सोमवार ते शुक्रवार. डबा ज्याचा त्याने सकाळी ठेवून जायचा, संध्याकाळी येता येता न्यायचा. कागद नको, पिशवी नको, पोचवणं नको.

अट एकच सांगितली गेली आणि तीच सांगताना सुनंदाच्या तोंडाला कोरड पडली. आठवड्याचे दोनशे चाळीस रुपये रविवारी आगाऊ. खाडा असेल तर दुपारी एकच्या आत कळवायचं, तो पुढच्या आठवड्यात वळता होईल. एकनंतर कळवलं तर पोळ्या केलेल्या असोत नसोत, पैसे धरले जातील.

“लोक काय म्हणतील? दोनशे चाळीस रुपयांसाठी विश्वास नाही?” ती म्हणाली होती.

“विश्वास आहे म्हणून तर ते आधी देतील,” मावशी म्हणाल्या. “दूधवाल्याचं कार्ड आधी भरतात, मोबाइलचं आधी भरतात. तुझंच तेवढं मागून का?”

दोघींनी कुरकुर केली. एकीने नंतर देते म्हटलं, तिचा डबा सोमवारी रिकामाच परत गेला. मंगळवारी पैसे आले. पण पहिल्याच रविवारी सुनंदाच्या हातात सात घरांचे सोळाशे ऐंशी रुपये होते आणि अजून एकही पोळी लाटली गेली नव्हती. त्यातून दहा किलो गहू, दळण, तेलाची पिशवी आली. या वेळी खिशातून काही घालावं लागलं नाही.

रोजचा हिशेब आता वहीत वेगळ्या तऱ्हेने लिहिला जाऊ लागला. पीठ अडुसष्ट रुपयांचं, तेल वीसचं, गॅस वीसचा, मीठमसाल्याचं म्हणून दोन, एकूण एकशे दहा. विक्री तीनशे चौऱ्याऐंशी. सुटले दोनशे चौऱ्याहत्तर, आणि शेवटच्या रकान्यात वेळ, दोन तास. तासाला एकशे सदतीस. महिन्याला सुट्ट्या धरून सहा हजाराच्या आसपास. श्रीमंती नव्हे. पण मुलीच्या क्लासची फी गेली आणि उरले.

गॅस वीसचा कसा, असं विलासने विचारलं होतं. घरच्या सिलिंडरच्या भावाने तो तेरा-चौदाचा पडला असता. पण घरगुती सिलिंडर घरच्या स्वयंपाकासाठी असतो, धंद्याला तो वापरायचा नाही. पहिल्या महिन्यानंतर सुनंदाने पाच किलोचा छोटा सिलिंडर घेतला, तो महाग भावाने मिळतो पण ओळखपत्रावर मिळतो. हिशेबात मात्र मावशींनी तो भाव पहिल्या दिवसापासून धरायला लावला होता. घरातून फुकट मिळतंय म्हणून खर्चात न धरलेली वस्तू पुढे नफा म्हणून मिरवते, आणि ज्या दिवशी विकत आणावी लागते त्या दिवशी नफा नाहीसा होतो. दुसरं काम अन्न सुरक्षेच्या नोंदणीचं. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्या छोट्या माणसालाही ती लागते. फॉस्कॉसच्या संकेतस्थळावर मुलीने बसून अर्ज भरला, फोटो आणि ओळखपत्र जोडलं, फी वर्षाला शंभर रुपये. चौदा आकडी नंबर आला तो सासूबाईंनी देवघराशेजारी लावला, जणू तो शाळेचा निकाल होता.

तिसऱ्या महिन्यात परीक्षा आली, आणि ती आनंदाच्या वेषात आली. स्टेशनजवळच्या एका केंद्राच्या मालकाने कुणाकडून तरी पोळ्या चाखल्या. रोज दीडशे पोळ्या घेतो, पाच रुपये भाव, पैसे महिन्याला. विलास खूश झाला. दिवसाला साडेसातशे! सुनंदाही त्या रात्री झोपली नाही.

सकाळी ती मावशींकडे गेली नाही. वही काढून स्वतःच बसली. दीडशे पोळ्यांना ऐंशी सेकंदांप्रमाणे तीन तास वीस मिनिटं, वर भिजवणं आणि पोचवणं, म्हणजे चार तास. खर्च पोळीमागे सव्वादोन रुपयांच्या वर, दीडशेचा साडेतीनशेच्या जवळ. सुटणार चारशे, म्हणजे तासाला शंभर. आताच्यापेक्षा कमी. मदतीला बाई ठेवली तर तिची मजुरी यातूनच. महिनाभराचं पीठतेल आपल्या खिशातून, दहा हजार रुपये कुणा एकाच माणसाकडे अडकलेले. त्याने एक महिना टाळलं तर? तिच्या डोळ्यांपुढे बावीस जेवणारे आले, ज्यांना तिने कधी पाहिलंही नव्हतं.

तिने मालकाला सांगितलं, अठ्ठेचाळीसपेक्षा जास्त होत नाहीत. तो हसला आणि म्हणाला, “ताई, असा धंदा मोठा होत नाही.” ते खरंच होतं. तिचा धंदा मोठा झाला नाही. मुलगी दहावी होईपर्यंत तिला तो मोठा करायचाही नव्हता. ज्यांना करायचा असेल त्यांनी दिवसाचे सहा तास आणि दुसरा तवा मोकळा करावा, त्यात वावगं काही नाही. फक्त तो दुसरा धंदा आहे हे ओळखून करावा.

नकार देणं तिथे संपलं नाही. बिल्डिंगमधल्याच चौघी मागे लागल्या, आमच्याही सहा-सहा कर. एक तर दारात उभी राहून म्हणाली, “चोपन्न केल्यास म्हणून काय होतं?” चोपन्न केल्या तर साडेसातचे जवळजवळ पावणेआठ होतात, मुलगी क्लासहून आलेली असते, तिला खायला द्यायचं असतं, आणि घाईत शेवटच्या दहा पोळ्या कच्च्या उतरतात. हे तिने एकदा दिवाळीच्या आधी करून पाहिलं होतं. त्या चौघींची नावं तिने वहीच्या मागच्या पानावर क्रमाने लिहिली.

मावशींनी ते पान पाहिलं. “किती नावं आहेत?”

“चार.”

“मग भाव कमी आहे तुझा.”

सुनंदाला ते पटायला वेळ लागला. गहू थोडा वाढला होता खरा, पण त्याने पोळीमागे वीस-पंचवीस पैसेच फरक पडत होता. तेवढ्यासाठी रुपया वाढवणं तिला पाप वाटत होतं. मावशींचं म्हणणं असं, की पोळ्या वाढवता येत नाहीत, तास वाढवता येत नाहीत, तेव्हा वाढवायला उरतं काय? आणि वाढवायचा तर अर्धा रुपया दोनदा नको, एकदाच रुपया, एक महिना आधी सांगून.

तिने सांगितलं. पहिल्या तारखेपासून नऊ रुपये, आठवड्याचे दोनशे सत्तर. सात घरांनी काही न बोलता पैसे ठेवले. आठवी बाई, तीच जी पहिल्या आठवड्यात नंतर देते म्हणाली होती, डबा घेऊन गेली. बाहेर आठला मिळतात म्हणाली. त्याच संध्याकाळी यादीतल्या पहिल्या नावाचा डबा ओट्यावर आला, आत दोनशे सत्तर रुपये घडी करून.

तीन आठवड्यांनी ती बाई परत आली. बाहेरच्या पोळ्या रात्री वातड होतात म्हणाली, रविवारपासून पुन्हा सुरू कर. सुनंदाने तिला आत बसवलं, चहा दिला, आणि वही उघडून मागच्या पानावर चौथ्या नंबरला तिचं नाव लिहिलं.